१,६०० रुपयांना घेईन म्हणालात, तर घ्यावाच लागेल

डिसेंबर २०२३ संपला तेव्हा एचडीएफसी बँकेचा शेअर १,७०० रुपयांच्या थोडा वर होता. बँक चांगली, याबद्दल फारसा वाद नव्हता. पण १ जुलै २०२३ रोजी गृहकर्ज देणारी एचडीएफसी तिच्यात विलीन झाली होती, आणि एवढे मोठे कर्जखाते पोटात घेतल्यावर त्याला पुरतील इतक्या ठेवी बँक कुठून आणणार हा प्रश्न बाकी होता. त्यामुळे ‘१,७०० ला नको, १,६०० ला मिळाला तर घेऊ’ असे म्हणणारे बरेच होते. अशा माणसापुढे साधी वाट म्हणजे १,६०० ची खरेदीची ऑर्डर लावून ठेवायची आणि वाट पाहायची. दुसरी वाट पुट ऑप्शन विकण्याची. वाट पाहायचीच असेल तर त्याचे पैसे का घेऊ नयेत, असा तिच्यामागचा विचार. इंग्रजी पुस्तकांमुळे आणि यूट्यूबवरच्या वर्गांमुळे ती आपल्याकडे आता ‘कॅश सिक्युअर्ड पुट’ या नावाने ओळखीची झाली आहे.

ती वाट वाईट नाही. मात्र ‘लिमिट ऑर्डर लावण्याचे पैसे मिळतात’ असे जे तिचे वर्णन केले जाते ते अर्धेच खरे आहे, आणि उरलेले अर्धे एक्स्पायरीच्या आठवड्यात कळते. त्या जानेवारीत एचडीएफसी बँकेच्या शेअरचे जे झाले त्यावरून हे नीट दाखवता येते.

पुट ऑप्शन म्हणजे ठरलेल्या भावाला शेअर विकण्याचा हक्क. ज्याच्याकडे शेअर आहे आणि ज्याला पडझडीची भीती आहे तो हा हक्क विकत घेतो, विमा घ्यावा तसा. त्यासाठी तो जी रक्कम मोजतो तिला प्रीमियम म्हणतात, आणि ठरलेल्या भावाला स्ट्राइक. विमा देणारी बाजू म्हणजे पुट विकणारा, म्हणजे आपण. शेअर स्ट्राइकच्या वर राहिला तर प्रीमियम आपला आणि विषय संपला. खाली गेला तर समोरच्याचा शेअर स्ट्राइकच्या भावाने घेणे आपल्याला बंधनकारक. हे बंधन प्रत्यक्षात अंगावर येते त्याला असाइनमेंट म्हणतात.

आता आकडे मांडू. एचडीएफसी बँकेचा तेव्हाचा लॉट ५५० शेअरचा होता. ऑप्शनमध्ये एक-दोन शेअरचा व्यवहार होत नाही, लॉट पुरा घ्यावा लागतो. जानेवारीच्या सुरुवातीला आपण २५ जानेवारीच्या एक्स्पायरीचा १,६०० स्ट्राइकचा एक पुट विकला असे धरू. पडद्यावर तो HDFCBANK JAN 1600 PE असा काहीसा दिसतो. प्रीमियम शेअरमागे ८ रुपये मिळाला असे हिशेबासाठी मानू; भाव १०० रुपयांनी वर आणि हातात जेमतेम चार आठवडे असताना तो याच्या आसपासच असतो. म्हणजे ५५० शेअरचे ४,४०० रुपये खात्यात जमा. त्याबदल्यात आपण ५५० गुणिले १,६००, म्हणजे ८,८०,००० रुपयांची खरेदी करण्याचा शब्द दिला. शेअर पदरी पडलाच तर प्रीमियम वजा जाता तो आपल्याला १,५९२ रुपयांना पडेल.

४,४०० रुपये म्हणजे ८,८०,००० वर अर्धा टक्का. ही योजना समजावून सांगताना हा अर्धा टक्का बाराने गुणून वर्षाचे सहा टक्के दाखवण्याची पद्धत आहे. मला ती पटत नाही. एका महिन्यात शेअर दहा टक्के घसरला तर पुढचे कित्येक महिने ते गणित लागू पडत नाही. प्रीमियमला उत्पन्न समजण्यापेक्षा, जी खरेदी आपण तशीही करणार होतो तिच्या भावातली लहानशी सूट समजावे. आठ रुपयांची सूट. ती अपुरी वाटत असेल तर पुट न विकता साधी ऑर्डर लावावी. सूट मोठी हवी म्हणून १,६८० चा पुट विकायचा, आणि मनात मात्र १,६०० चाच भाव धरायचा, हे करू नये. ज्या भावाला शेअर खरोखर हवा आहे तोच स्ट्राइक.

नावातल्या ‘कॅश सिक्युअर्ड’ या भागाकडे आपल्या बाजारात विशेष लक्ष द्यावे लागते. अमेरिकेत या नावाने पुट विकला की ब्रोकर स्ट्राइकइतकी पूर्ण रक्कम खात्यात अडवून ठेवतो. आपल्याकडे तसे काही आपोआप होत नाही. एक लॉट विकायला ब्रोकर फक्त मार्जिन मागतो, आणि नऊ लाखांच्या व्यवहाराला ते साधारण दीड-दोन लाख असते. म्हणजे खात्यात ८,८०,००० असतील तर पडदा आपल्याला चार लॉट विकू देतो, कुठेही लाल दिवा लागत नाही. पुट ‘रोख राखून’ विकला की उधारीवर, हे ठरवणारे फक्त आपण. म्हणून पूर्ण ८,८०,००० त्या एकाच लॉटच्या नावाने बाजूला काढायचे आणि एक्स्पायरीपर्यंत त्याला हात लावायचा नाही. ही रक्कम लिक्विड फंडात ठेवून ते युनिट मार्जिनसाठी तारण देता येतात आणि तिच्यावर व्याजही मिळत राहते. मात्र तारण ठेवलेल्या युनिटांनी शेअरचे पैसे चुकते होत नाहीत. ते आधी सोडवून, विकून, रोख करावे लागतात आणि त्याला एक-दोन दिवस जातात. एक्स्पायरीच्या आठवड्यात हे आठवून उपयोग नाही, त्याच्या आधी आठवायला हवे.

१६ जानेवारी २०२४ रोजी बाजार बंद झाल्यावर बँकेने तिमाही निकाल जाहीर केले. त्या दिवशी शेअर १,६७९ च्या आसपास बंद झाला होता, म्हणजे आपल्या स्ट्राइकपासून जवळजवळ ऐंशी रुपये वर. नफ्याचा आकडा वाईट नव्हता. पण ठेवी कर्जांच्या मानाने हळू वाढत होत्या आणि व्याजातून मिळणारे मार्जिन जिथल्या तिथे होते. दुसऱ्या दिवशी शेअर उघडतानाच १,६०० च्या बराच खाली उघडला आणि सुमारे १,५३७ वर बंद झाला. एका दिवसात आठ टक्क्यांहून अधिक घसरण. पुढचे काही दिवसही ती थांबली नाही. २५ जानेवारीला, म्हणजे आपल्या एक्स्पायरीच्या दिवशी, बंद भाव सुमारे १,४३५ होता.

लिमिट ऑर्डर आणि पुट यांतला फरक इथे उघडा पडतो. ज्याने १,६०० ची साधी खरेदीची ऑर्डर लावून ठेवली होती, त्याची ऑर्डर १७ जानेवारीला सकाळी पुरी झाली. पण १,६०० ला नव्हे, बाजार ज्या खालच्या भावाला उघडला त्या भावाला. लिमिट म्हणजे ‘याहून जास्त देणार नाही’. कमी भावात मिळत असेल तर ऑर्डर आपली कमी भावातच पुरी होते. शिवाय ज्याने १६ तारखेच्या रात्री निकाल वाचले आणि ज्याला ठेवींचा मुद्दा खटकला, तो सकाळी बाजार उघडण्यापूर्वी ऑर्डर रद्द करून मोकळा झाला. पुट विकणाऱ्याला यातले काहीच करता आले नाही. भाव १,५५० असो की १,४३५, त्याला द्यायचे आहेत १,६००. आणि रद्द करायचे तर तोच पुट आता कितीतरी महाग भावाने परत विकत घ्यायचा. मिळालेले आठ रुपये या दोन गोष्टींचे मोल आहेत: बाजार एकदम खाली उघडला तर खालचा भाव सोडून देणे, आणि मत बदलण्याचा हक्क सोडून देणे. म्हणूनच निकालाच्या तारखेआधी प्रीमियम फुगतो. तो फुगलेला दिसला की काहींना संधी वाटते. मी म्हणेन, त्या कंपनीचे निकाल आपल्या एक्स्पायरीच्या आत आहेत का, हे विकण्याआधी पाहावे आणि असतील तर निकाल होऊन जाऊ द्यावेत. प्रीमियम कमी मिळेल, पण नवे आकडे समोर ठेवून स्ट्राइक निवडता येईल.

उलट बाजूही आहेच. शेअर १,७०० वरून १,८०० ला गेला असता, तर पुट विकणाऱ्याच्या हाती ४,४०० रुपये आणि शेअर नाही. लिमिट ऑर्डर लावणाऱ्याच्या हाती काहीच नाही. तिथे पुट सरस. थोडे खाली येऊन १,५९५ वर स्थिरावला असता तरी पुट सरस. हळू, थोडक्यात घसरणाऱ्या आणि मुख्यतः आडव्या चालणाऱ्या शेअरमध्ये ही योजना चांगली चालते, एका रात्रीत कोसळणाऱ्या शेअरमध्ये वाईट.

आता असाइनमेंटकडे येऊ. आपल्याकडे ती कधी येते हे अगदी नेमके ठाऊक असते, हा आपल्या बाजाराचा मोठा गुण. जानेवारी २०११ पासून एनएसईवरचे शेअर ऑप्शन युरोपियन पद्धतीचे आहेत, म्हणजे घेणाऱ्याला आपला हक्क फक्त एक्स्पायरीच्या दिवशी बजावता येतो. मधल्या काळात भाव कितीही पडला तरी कोणी आपल्या दारात शेअर आणून टाकू शकत नाही. अमेरिकेत शेअरवरचे ऑप्शन याच्या उलट. तिथे कोणत्याही दिवशी असाइनमेंट येऊ शकते. न्यू जर्सीतल्या भावाने किंवा बहिणीने फोनवर सांगितलेला अनुभव इथे जसाच्या तसा लागू करू नये, याचे हे एक कारण. दुसरे कारण लॉट. तिथे तो सहसा शंभर शेअरचा असतो, इथे प्रत्येक कंपनीचा वेगळा आणि बहुधा काही लाखांचा.

दुसरा बदल अलीकडचा. पूर्वी आपल्याकडे शेअर ऑप्शनचा हिशेब पैशातच मिटत असे. १६५ रुपयांचा फरक असेल तर तेवढे खात्यातून जात आणि शेअर हातात येतच नसे. सेबीने एप्रिल २०१८ मध्ये टप्प्याटप्प्याने डिलिव्हरी सक्तीची करायचे ठरवले, आणि ऑक्टोबर २०१९ पासून सगळ्याच शेअर ऑप्शनचा निवाडा प्रत्यक्ष शेअर देऊन-घेऊन होतो. निफ्टीसारख्या निर्देशांकाच्या ऑप्शनला हे लागू नाही. म्हणजे ‘पुट विकून शेअर घेणे’ ही योजना आपल्याकडे खऱ्या अर्थाने या बदलानंतरच शक्य झाली.

एक्स्पायरीच्या दिवशी निर्णय लागतो तो शेअरच्या अधिकृत बंद भावावर. शेवटच्या क्षणाला झालेल्या एखाद्या सौद्याच्या भावावर नव्हे. बंद भाव १,६०० च्या खाली असेल तर पुट आपोआप बजावला जातो, समोरच्याने वेगळे काही करावे लागत नाही. फरक पन्नास पैशांचा असला तरी लॉट पुरा येतो. अर्धा लॉट, थोडे शेअर असा प्रकार नाही. शेअर १,६०० च्या आसपास घोटाळत असेल तर शेवटपर्यंत कळत नाही की संध्याकाळी आपण ५५० शेअरचे मालक असू की नसू. अशा दिवशी पूर्ण पैसे तयार असलेला माणूस दोन्हींपैकी काहीही झाले तरी शांत असतो. पूर्वी शेअर ऑप्शनची एक्स्पायरी महिन्याच्या शेवटच्या गुरुवारी असे. सप्टेंबर २०२५ पासून एनएसईवर ती शेवटच्या मंगळवारी असते, त्यामुळे जुनी पुस्तके वाचून तारीख ठरवू नका.

त्या आठवड्यात ब्रोकरचे वागणे बदलते. मार्जिन वाढवले जाते, ‘तुमचा करार डिलिव्हरीत जाऊ शकतो’ असे ईमेल येऊ लागतात, आणि खात्यात पुरेसे पैसे दिसले नाहीत तर ब्रोकर आपला पुट स्वतःहून परत विकत घेऊन सौदा बंद करू शकतो, बहुधा त्या वेळच्या वाईट भावाने. डिलिव्हरी घ्यायची असेल तर पैसे दोन-तीन दिवस आधीच, तारणात नव्हे तर रोख स्वरूपात, ट्रेडिंग खात्यात आणून ठेवावेत. आपल्या ब्रोकरकडे नियम काय आहे हे पुट विकण्यापूर्वी विचारून घ्यावे. प्रत्येकाचा वेगळा असतो.

चार लॉट विकणाऱ्याचे या आठवड्यात काय झाले असते तेही पाहू. त्याच ८,८०,००० च्या जोरावर त्याने ३५,२०,००० रुपयांच्या खरेदीचा शब्द दिलेला. प्रीमियम धरूनही शेअरमागे १५७ रुपयांचा तोटा, २,२०० शेअरवर ३,४५,४०० रुपये. डिलिव्हरीचे पैसे नाहीत, मार्जिन रोज वाढते आहे, म्हणजे त्याला तोट्यात बाहेर पडण्यावाचून गत्यंतर नाही. शेअर पुढे वर येईल की नाही हा प्रश्नच त्याच्यासाठी उरत नाही. एक लॉट विकणाऱ्याचाही कागदावर ८६,३५० रुपयांचा तोटा आहे, पण त्याच्यापुढे निवड आहे.

ती निवड तीन प्रकारची. पुट परत विकत घेऊन तोटा घ्यायचा, पुट पुढच्या महिन्यात ढकलायचा, किंवा शेअर घ्यायचे. यातले मधले, ज्याला बाजारात रोलओव्हर म्हणतात, सर्वांत मोहक. जानेवारीचा १,६०० चा पुट परत घ्यायचा आणि फेब्रुवारीचा १,५०० चा विकायचा. वाटते की आपण खरेदीचा भाव शंभर रुपयांनी खाली आणला. हिशेब करून पाहू. जानेवारीचा पुट परत घ्यायला एक्स्पायरीला १६५ रुपये लागतात. फेब्रुवारीच्या १,५०० च्या पुटचे ८० रुपये मिळतात असे धरू. आधीचे ८ आलेले होते. म्हणजे एकूण ७७ रुपये खिशातून गेले. फेब्रुवारीत शेअर १,५०० ला घ्यावा लागला तर तो पडणार १,५७७ ला. स्ट्राइक शंभराने उतरला, खरा खर्च १,५९२ वरून उतरला फक्त पंधरा रुपयांनी. आणि फेब्रुवारीत शेअर १,५०० च्या वर गेला, तर शेअर मिळणार नाही, आणि ७७ गुणिले ५५०, म्हणजे ४२,३५० रुपयांचा तोटा मात्र पक्का झाला. शेअर हवा म्हणून सुरू केलेल्या योजनेत शेअर वर गेल्यावर आपण रिकाम्या हाताने आणि तोट्यात उभे! रोलओव्हरला माझा सरसकट विरोध नाही. पण बहुतेक वेळा तो होतो ते शेअर घ्यायची भीती वाटते म्हणून, आणि भीती वाटत असेल तर ती पुढच्या महिन्यात कमी होत नाही.

परत घेण्यातही एक अडचण असते. स्ट्राइकपासून इतक्या खोल गेलेल्या पुटमध्ये एक्स्पायरीच्या दिवशी फार सौदे होत नाहीत. खरेदीचा आणि विक्रीचा भाव यांत चार-पाच रुपयांची दरी सहज दिसते. बाजारभावाने ऑर्डर टाकली तर तेवढे रुपये शेअरमागे जास्तीचे जातात. म्हणून बाहेर पडायचेच असेल तर शेवटच्या दिवसाची वाट न पाहता आधी, आणि भाव लावून बाहेर पडावे.

तिसरी वाट डिलिव्हरीची. ज्याला १,६०० ला बँक खरोखर हवी होती, आणि जानेवारीच्या निकालानंतरही तिच्याबद्दलचे मत बदललेले नव्हते, त्याने हीच घ्यावी. एक्स्पायरीनंतर खात्यातून ८,८०,००० जातात, त्यावर डिलिव्हरीच्या खरेदीचा शेकडा ०.१ टक्का दराने एसटीटी, म्हणजे ८८० रुपये, शिवाय मुद्रांक शुल्क आणि ब्रोकरेज. डिलिव्हरीत गेलेल्या ऑप्शनवर काही ब्रोकर नेहमीपेक्षा जास्त दर लावतात. ते दरपत्रकात खाली कुठेतरी लिहिलेले असते, तिथपर्यंत वाचावे. एक-दोन कामकाजाच्या दिवसांत शेअर डीमॅट खात्यात दिसू लागतात. क्वचित समोरच्याकडून शेअर येत नाहीत. मग एक्स्चेंज लिलाव करते आणि आपल्याला ते उशिरा किंवा त्याऐवजी पैसे मिळतात. आपल्या बाजूने आणखी काही करायचे नसते. फक्त कॉन्ट्रॅक्ट नोटमध्ये लॉट, स्ट्राइक आणि शुल्क जुळतात का ते बघायचे आणि ती जपून ठेवायची.

जपून ठेवायची ती करासाठी. आपल्या प्राप्तिकरात ऑप्शनचा नफा-तोटा व्यवसायाच्या उत्पन्नात जातो, शेअरचा भांडवली नफ्यात. त्यामुळे ४,४०० रुपये व्यवसायाचे उत्पन्न, आणि शेअरची खरेदी १,६०० ची, असे वेगवेगळे लिहायचे ही रूढ पद्धत. मनातल्या हिशेबात १,५९२ म्हणा, विवरणपत्रात दोन्ही आकडे वेगळे. पगारदाराला या एका पुटपायी सहसा साधा अर्ज सोडून आयटीआर-३ भरावा लागतो. वर्षातून एखादाच पुट विकायचा असेल तर सनदी लेखापालाची वाढीव फी ही सुद्धा त्या आठ रुपयांच्या सुटीतून वजा करावी.

शेअर हाती आल्यावर लगेच सुचवले जाते ते कॉल विकायला. आपल्याकडे आता नेमका एक लॉट आहे, त्यावर वरच्या भावाचा कॉल विकून पुन्हा प्रीमियम घ्यायचा. तत्त्वतः ठीक. पण फेब्रुवारी २०२४ मध्ये, भाव १,४३५ च्या आसपास असताना, १,६०० च्या कॉलला क्षुल्लक पैसे मिळतात. मग हात १,४८० च्या कॉलकडे वळतो, तिथे प्रीमियम भरपूर. आणि शेअर सावरून १,५५० ला गेला की आपले ५५० शेअर १,४८० ला निघून जातात. १,५९२ ला पडलेल्या शेअरवरचा ११२ रुपयांचा तोटा, त्यातून कॉलचा प्रीमियम वजा, कायमचा. ज्या खर्चाला शेअर पडला त्याखालचा कॉल विकू नये. वरच्या स्ट्राइकला काही मिळत नसेल, तर काही महिने काहीही न करता शेअर धरून ठेवावेत.

एचडीएफसी बँकेच्या बाबतीत ज्याने ते धरले, त्याला २०२४ मध्ये शेअरमागे १९.५० रुपये लाभांश मिळाला. ५५० शेअरवर १०,७२५ रुपये, पुटच्या प्रीमियमच्या दुपटीहून जास्त. जून २०२४ च्या उत्तरार्धात शेअर पुन्हा १,६०० च्या वर होता, आणि ऑगस्ट २०२५ मध्ये एकास एक बोनस मिळून ५५० चे १,१०० शेअर झाले.

हे वाचून ‘धरून ठेवले की सावरतेच’ असा निष्कर्ष काढू नका. येस बँकेचा शेअर ऑगस्ट २०१८ मध्ये ४०० रुपयांजवळ होता, आणि तेव्हा तीही अनेकांच्या चांगल्या शेअरांच्या यादीत होती. मार्च २०२० मध्ये तो २० रुपयांच्याही खाली गेला. वाटेत प्रत्येक स्ट्राइकला कोणीतरी पुट विकून ‘स्वस्तात’ शेअर घेतला असणार, आणि पडलेल्या भावात प्रीमियम जाडजूड दिसत असल्याने पुन्हा विकला असणार. एचडीएफसी बँकेच्या घसरणीत ठेवी आणि मार्जिन यांची चिंता होती, पण बुडीत कर्जांची नव्हती. येस बँकेत रिझर्व्ह बँकेनेच सप्टेंबर २०१८ मध्ये प्रमुखाची मुदत कापली होती आणि कर्जांच्या दर्जाचे प्रश्न आधीपासून विचारले जात होते. दोन्ही ठिकाणी पडद्यावरचा लाल आकडा मात्र सारखाच दिसतो.

म्हणून पुट विकण्यापूर्वी दोन ओळी कागदावर लिहाव्यात. कोणती बातमी आली तरी मी १,६०० ला शेअर घेईन, आणि कोणती आली तर १,२०० लाही घेणार नाही. बँकेसाठी पहिल्या ओळीत एखाद्या तिमाहीत हळू वाढलेल्या ठेवी येतील. दुसऱ्या ओळीत ताळेबंदाबद्दल शंका, लेखापरीक्षकाचा राजीनामा, नियामकाची कारवाई. पहिल्या ओळीतली बातमी आली तर पैसे तयार ठेवायचे आणि डिलिव्हरी घ्यायची. दुसऱ्या ओळीतली आली तर प्रीमियम किती मिळाला होता आणि आता किती द्यावा लागतो आहे हे न पाहता त्याच दिवशी पुट परत विकत घ्यायचा. बाजार चालू असताना, भाव पडत असताना, हा कागद लिहिता येत नाही.